प्रीसेट स्मूथ असूनही फोन तापतो: बीजीएमआयमध्ये आधी फ्रेम रेट खाली आणा

प्रश्न: मी अकोल्याचा. फोन दोन वर्षं जुना, मिडरेंज, ५००० एमएएच बॅटरी, १२० हर्ट्झचा स्क्रीन. बीजीएमआय स्मूथ ग्राफिक्स आणि ९० एफपीएसवर खेळतो. पहिली मॅच मस्त जाते. तिसऱ्या मॅचला मागची बाजू चटका देते, ब्राइटनेस आपोआप उतरतो आणि शेवटच्या झोनमध्ये लॅग. दीड तासात बॅटरी १०० वरून ५० वर. कधी कधी चार्जर लावून खेळतो. ग्राफिक्स तर सगळ्यात खालचंच आहे, आता अजून कमी काय करू?

उत्तर: खाली यायला तुमच्याकडे अजून बरीच जागा आहे. ती ग्राफिक्सच्या ओळीत उरलेली नाही, फ्रेम रेटच्या ओळीत आहे. मी पुण्यात अँड्रॉइड गेम्सचं परफॉर्मन्स टेस्टिंग करतो. म्हणजे गेम पहिल्या पाच मिनिटांत कसा चालतो यापेक्षा तासाभराने कसा चालतो, हे मोजणं हेच माझं काम. त्यामुळे तुमच्याच आकड्यांवर हिशेब मांडून सांगतो.

प्रीसेट आणि फ्रेम रेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्मूथ, बॅलन्स्ड, एचडी, एचडीआर हे पर्याय एकेक फ्रेम किती तपशिलात काढायची ते ठरवतात: सावल्या, गवत, कडांचा गुळगुळीतपणा, लांबच्या इमारती. हा भार मुख्यतः जीपीयूवर, म्हणजे चिपमधल्या चित्र काढणाऱ्या भागावर येतो. अशा फ्रेम सेकंदाला किती काढायच्या हे फ्रेम रेट ठरवतो. बीजीएमआयमध्ये हाय म्हणजे ३०, अल्ट्रा म्हणजे ४०, एक्स्ट्रीम म्हणजे ६० आणि त्यावर ९० किंवा १२०, फोन जे देऊ शकेल ते. चिपचा खर्च या दोन्हींचा गुणाकार असतो. तुम्ही एक आकडा तळाला नेलात आणि दुसरा वर ठेवलात.

इथे एक सापळा आहे आणि बहुतेक जण त्यात अडकतात. समजा फोन एचडीवर ६० ची मर्यादा गाठू शकत नाही, ४५ वरच धापा टाकतोय. त्याचा जीपीयू तेव्हा पूर्ण ताकदीने चाललेला असतो. आता तुम्ही प्रीसेट स्मूथ केलात. प्रत्येक फ्रेम स्वस्त झाली, पण गेम तेवढ्यावर थांबत नाही. वाचलेल्या ताकदीत तो जास्त फ्रेम काढतो आणि ४५ चे ६० करतो. खेळ गुळगुळीत झाला, उष्णता मात्र जवळपास तेवढीच राहिली. बीजीएमआयमध्ये तर बऱ्याच फोनवर वरचे फ्रेम रेट स्मूथ निवडल्यावरच उघडतात, त्यामुळे लोक स्मूथ करतात आणि त्याच हाताने ९० लावतात. प्रीसेट खाली आणल्याचा थंडपणा तेव्हाच मिळतो, जेव्हा वर फ्रेम रेटचं झाकण असतं आणि फोन ते झाकण सहज गाठतो.

दुसरं, शंभर खेळाडूंच्या हालचाली, गोळ्या, गाड्या, आवाज, सर्व्हरकडून येणारी माहिती हे सगळं सीपीयूचं काम. प्रत्येक फ्रेम जीपीयूकडे पाठवायची तयारीही सीपीयूच करतो. हे काम प्रीसेट बदलून फारसं हलत नाही. पोचिंकीत चार स्क्वॉड एकत्र उतरले की स्मूथवरही फ्रेम पडतात त्या बहुधा यामुळेच. फ्रेम रेट कमी केला की मात्र सीपीयू आणि जीपीयू दोघांचंही काम एकदम उतरतं.

आता तुमची बॅटरी. ५००० एमएएच गुणिले सरासरी ३.८५ व्होल्ट, म्हणजे साधारण १९ वॅट-तास. त्यातली निम्मी, ९.६ वॅट-तास, दीड तासात गेली. ९.६ भागिले १.५, म्हणजे फोन सरासरी ६.४ वॅट खात होता. दोन वर्षांच्या बॅटरीत पूर्ण ५००० उरलेले नसतात, त्यामुळे खरा आकडा थोडा कमी असेल, पण अंदाज बांधायला हा पुरेसा आहे. बॅटरीतून निघालेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होते. तुमच्या तळहातात सहा वॅटची शेगडी आहे, आणि तिला पंखा नाही.

ही उष्णता बाहेर जायचा एकच रस्ता, फोनची पाठ आणि काच. साधारण आकाराचा फोन पंचवीस अंशांच्या खोलीत सतत चार वॅटच्या आसपास उष्णता सोडू शकतो. फोनचा आकार, धातूची चौकट आणि आतली थंड करणारी पट्टी यांवर हा आकडा कमी-जास्त होतो. त्याहून जास्त खर्च सतत चालू राहिला तर तापमान चढत जातं आणि कधीतरी फोनला स्वतःला आवरावं लागतं. बहुतेक फोनमध्ये ही वेळ पाठीचं तापमान चाळिशी ओलांडून त्रेचाळीस-पंचेचाळीसकडे जाताना येते.

इथे अकोला हिशेबात येतं. उष्णता किती वेगाने बाहेर जाईल, हे फोनची पाठ आणि खोलीची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाठ ४३ अंशांवर रोखायची आहे असं धरू. पुण्यात आमच्या एसी लॅबमध्ये हवा २५ अंश, म्हणजे फरक १८. तुमच्या खोलीत रात्री ३४ असेल तर फरक ९, म्हणजे निम्मा. तोच फोन, तीच सेटिंग, पण उष्णता सोडायची ताकद निम्मी. मे महिन्यातल्या दुपारी खोली ३८ वर गेली तर फरक पाचच अंशांचा राहतो, पाव भागाहून जेमतेम जास्त. म्हणून एसीत बसून केलेल्या व्हिडिओमधली ‘बेस्ट सेटिंग’ विदर्भात मे महिन्यात तशीच चालत नाही. नोव्हेंबरात तुम्हालाच ती चालेलही. सेटिंग ऋतूप्रमाणे बदलण्यात काही गैर नाही.

पहिली मॅच चांगली का जाते, हेही यातूनच कळतं. सुरुवातीला फोनचं स्वतःचं वस्तुमान उष्णता शोषून घेतं. काच, बॅटरी, चौकट हे सगळं तापायला दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि त्या वेळात फोन ऐपतीबाहेर खर्च करू शकतो. एरँगलची एक मॅच अर्ध्या तासाच्या आसपास जाते. तिच्या पहिल्या भागात ही सवलत संपते. दुसऱ्या मॅचला फोन गरम असतानाच सुरुवात होते, आणि तिसऱ्याला आवरतं घेणं भाग पडतं.

हे आवरतं घेणं म्हणजे थर्मल थ्रॉटलिंग. तुम्ही सांगितलेली लक्षणं त्याचीच आहेत. ब्राइटनेस आपोआप उतरणं ही सगळ्यात ठळक खूण, कारण ऑटो ब्राइटनेस बंद असूनही स्क्रीन मंद होत असेल तर फोन उष्णतेमुळेच तसं करत असतो. दुसरी खूण फ्रेमच्या आकड्यात दिसते. नेटवर्कमुळे लॅग असेल तर पिंग वाढतो, माणसं जागच्या जागी उड्या मारल्यासारखी दिसतात, पण कॅमेरा फिरवला तर तो सुरळीत फिरतो. उष्णतेमुळे असेल तर पिंग ठीक असतो आणि कॅमेरा फिरवतानाच अडखळतो. हा फरक नीट पाहा, कारण पुष्कळ जण नेटवर्कच्या लॅगवर ग्राफिक्स कमी करत बसतात.

थ्रॉटलिंगचा खरा त्रास असा की फोन फ्रेम रेट कमी करून एका जागी स्थिर राहत नाही. तो चिपचा वेग खाली खेचतो, थोडा थंड होतो, परत वर सोडतो, पुन्हा तापतो. फ्रेमचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा होतो: ८०, ५२, ७०, ४५. नेम धरताना हाताला या चढउताराची सवय होऊच शकत नाही. त्यात गरम चिप तेच काम करायला थंड चिपपेक्षा जास्त वीज खाते, कारण ट्रान्झिस्टरमधून होणारी विजेची गळती तापमानाबरोबर वाढते. म्हणजे फोन एकदा तापला की प्रत्येक फ्रेम महाग पडते. तिसऱ्या मॅचमध्येही टिकणारे ४० किंवा ६० हे पहिल्या मॅचपुरत्या ९० पेक्षा मला जास्त मोलाचे वाटतात ते यासाठी. शेवटचा झोन मॅचच्या शेवटी येतो, आणि फोन सगळ्यात जास्त तापलेलाही तेव्हाच असतो.

मग फ्रेम रेट किती ठेवायचा? ढोबळ अंदाज करू. तुमच्या ६.४ वॅटपैकी स्क्रीन, मोबाइल डेटा, स्पीकर वगैरेंचे दोन वॅट बाजूला काढू, कारण ते फ्रेम रेटने फारसे हलत नाहीत. उरले ४.४, हे चिपचे. फ्रेम ९० वरून ६० वर आणल्या तर काम एक तृतीयांशाने कमी होतं, म्हणजे चिपचे २.९ आणि एकूण ४.९ वॅट. ४० वर चिपचे दोनच्या आसपास, एकूण चार. बॅटरीच्या भाषेत, पूर्ण चार्जवर तीन तास चालणारा खेळ ६० वर जवळपास चार तास आणि ४० वर पावणेपाच तासांच्या आसपास जाईल.

हे साधं त्रैराशिक आहे, प्रत्यक्षात दोन गोष्टी ते बदलतात. एक तुमच्या फायद्याची. चिपला कमी वेगाने चालवता आलं की तिला व्होल्टेजही कमी लागतं, आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. त्यामुळे सर्वांत वरची पायरी उतरताना, ९० वरून ६० वर येताना, बचत नुसत्या फ्रेमच्या प्रमाणापेक्षा जास्त होऊ शकते. दुसरी उलट दिशेची. थ्रॉटलिंगमुळे तुम्हाला दीड तास खरे ९० मिळतच नव्हते. सरासरी त्याहून खालीच असणार, म्हणून ६० वरची बचत कागदावर दिसते तेवढी भरणार नाही. म्हणूनच मोजून बघणं आवश्यक आहे, त्याकडे येतोच.

आता ४० बद्दल एक बारीक, पण डोळ्यांना जाणवणारी गोष्ट. स्क्रीन ६० हर्ट्झवर चालत असेल, म्हणजे सेकंदाला ६० वेळा रिफ्रेश होत असेल, तर ४० फ्रेम त्यात नीट बसत नाहीत. एक फ्रेम एका रिफ्रेशपुरती दिसते, पुढची दोन रिफ्रेशपर्यंत, पुन्हा एक, पुन्हा दोन. म्हणजे १६.७ मिलिसेकंद, मग ३३.३, असा लंगडा ताल पडतो आणि ४० फ्रेम असूनही खेळ खडबडीत वाटतो. १२० हर्ट्झवर मात्र प्रत्येक फ्रेम बरोबर तीन रिफ्रेश दिसते, २५ मिलिसेकंद, दर वेळी तेवढीच. तुमचा स्क्रीन १२० चा आहे, त्यामुळे ४० तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरंच चांगलं दिसेल, अट इतकीच की गेम चालू असताना स्क्रीन खरंच १२० वर असायला हवा. बरेच फोन गेम सुरू झाला की गुपचूप ६० वर उतरतात. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये Show refresh rate नावाचं बटण असतं, ते चालू करा. कोपऱ्यात आकडा दिसू लागेल. ६० दिसला तर डिस्प्ले सेटिंगमधून किंवा फोनच्या गेम मोडमधून १२० ठरवून देता येतो का बघा. स्क्रीन त्यासाठी थोडी जास्त वीज घेईल, पण चिपकडून वाचलेल्या विजेपुढे ते सहसा थोडंच असतं. ते जमत नसेल तर ४० चा नाद सोडा आणि ६० वर राहा. ६० हर्ट्झवर ६० आणि ३० हे आकडे सरळ बसतात.

प्रीसेटबद्दल फार सांगण्यासारखं उरलेलं नाही, कारण तुम्ही स्मूथवर आहातच. अँटी-एलियासिंग आणि शॅडो चालू असतील तर बंद करा, दोन्ही प्रत्येक फ्रेमवर जीपीयूचं काम वाढवतात. कलरफुल, रिअलिस्टिक, मूव्ही असे रंगांचे पर्याय डोळ्यांसाठी आहेत. उष्णतेच्या दृष्टीने त्यांच्यात अडकू नका. ज्यांना चित्र सुंदर हवं आहे आणि रँकची चिंता नाही, त्यांनी एचडी अधिक ४० हा जोड करून पाहायला हरकत नाही. झाकण खाली असल्यामुळे तो बऱ्याच फोनवर स्मूथ अधिक ९० पेक्षा थंड चालतो. लोकांचा यावर विश्वास बसत नाही, पण वरचा गुणाकार आठवला की पटेल.

फोनच्या गेम मोडमध्ये परफॉर्मन्स, बॅलन्स्ड, बॅटरी सेव्हर असे पर्याय असतात. परफॉर्मन्स निवडला की चिप वरच्या वेगावर जास्त वेळ धरून ठेवली जाते आणि काही फोन तापायची मर्यादाही थोडी वर ढकलतात. तुमच्या उद्देशाच्या हे नेमकं उलट आहे. झाकण ४० किंवा ६० वर असेल तर बॅलन्स्ड पुरतो. बॅटरी सेव्हर मात्र लावू नका. तो सीपीयूला एवढा आखडतो की गर्दीच्या वेळी ४० सुद्धा गाठता येत नाहीत. आणि गेमच्या फाइल बदलून लपलेल्या सेटिंग उघडणारी बाहेरची अ‍ॅप टाळा. त्यांच्यामुळे खात्यावर बंदी येऊ शकते, आणि लोक ती वापरतात ते बहुतेक वेळा ९० किंवा १२० जबरदस्तीने लावायला, म्हणजे अधिक तापवायलाच.

आता मोजायचं कसं. पहिली दहा मिनिटं बघून निकाल देऊ नका. तेव्हा सगळ्याच सेटिंग छान वाटतात. चार्जर काढा, कव्हर काढा, ऑटो ब्राइटनेस बंद करून एक पातळी ठरवा. नेटवर्क एकच ठेवा, वायफाय किंवा मोबाइल डेटा. फोन पूर्ण थंड असताना बॅटरीचा टक्का लिहून ठेवा आणि सलग दोन क्लासिक मॅच खेळा. मॅच लवकर संपली तर ट्रेनिंग ग्राउंडवर जाऊन तास पूर्ण करा. शेवटच्या पंधरा मिनिटांत गेम मोडमधल्या फ्रेमच्या आकड्यावर नजर ठेवा. सरासरीपेक्षा तो किती खाली पडतो हे महत्त्वाचं. मग टक्का पुन्हा लिहा. तासाला एक टक्का म्हणजे तुमच्या बॅटरीवर सुमारे ०.१९ वॅट, एवढं लक्षात ठेवलं की डोक्यातच हिशेब होतो. तासाला ३३ टक्के गेले तर साधारण ६.४ वॅट, २५ गेले तर ४.८, २१ गेले तर चार.

संगणक जवळ असेल आणि यूएसबी डीबगिंग चालू करता येत असेल तर खेळ संपल्याबरोबर फोन जोडून हे दोन आदेश चालवा:

```
adb shell dumpsys battery
adb shell dumpsys thermalservice
```

पहिल्यात temperature पुढचा आकडा अंशाच्या दहाव्या भागात असतो. 412 म्हणजे ४१.२ अंश, आणि हे बॅटरीचं तापमान आहे, पाठीचं नव्हे. दुसऱ्यात Thermal Status दिसेल: 0 म्हणजे सगळं ठीक, 1 हलकं, 2 मध्यम, 3 गंभीर. अँड्रॉइड १० पासून हे मिळतं, पण काही फोनवर हा आकडा शून्यावरच अडकून राहतो, त्यामुळे फ्रेमचा आकडा आणि ब्राइटनेस यांच्याशी ताडून पाहा. केबल जोडली की फोन चार्ज होऊ लागतो, म्हणून आधी टक्का लिहायचा आणि मग केबल लावायची.

हीच चाचणी दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला दुसऱ्या सेटिंगवर करा. पाठोपाठ केली तर दुसरी सेटिंग गरम फोनवर सुरू होते आणि विनाकारण बदनाम होते. निकाल वाचायची रीत सोपी आहे. तासाच्या शेवटी फ्रेम झाकणाला चिकटलेल्या असतील आणि ब्राइटनेस उतरला नसेल तर ती सेटिंग तुमच्या खोलीत टिकते, चाचणी तिथेच संपवा. झाकण ६० चं असून शेवटी आकडा ४८ ते ६० मध्ये हेलकावत असेल तर ६० तुमच्या फोनला परवडत नाही. ४० वर या.

चार्जर लावून खेळणं मात्र आजपासून बंद करा. चार्ज होताना बॅटरी आणि चार्जिंगचं सर्किट स्वतःची उष्णता निर्माण करतात आणि ती गेमच्या उष्णतेत मिसळते. फोन चार्जिंग मंद करतो किंवा थांबवतो आणि सोबत फ्रेमही पाडतो. त्याहून वाईट म्हणजे लिथियम-आयन बॅटरी गरम असताना, तीही जवळजवळ भरलेली असताना, सगळ्यात वेगाने म्हातारी होते. दोन वर्षांत फोनची बॅटरी पूर्वीसारखी टिकत नाही, यात या सवयीचा वाटा असू शकतो. काही फोनमध्ये गेम चालू असताना चार्जरची वीज बॅटरीला वळसा घालून थेट फोनला देण्याची सोय असते. तिला बायपास चार्जिंग म्हणतात आणि ती गेम मोडच्या सेटिंगमध्ये सापडते. ती असेल तर चार्जर लावायला हरकत नाही, कारण मग बॅटरी चार्ज होण्याची उष्णता टळते. गेमची उष्णता अर्थातच तशीच राहते.

थंड करण्याच्या बाबतीत टेबल फॅनचा वारा पाठीवर येऊ देणं हा सगळ्यात स्वस्त आणि चांगला उपाय. हवा हलती राहिली की त्याच तापमानाच्या फरकातही जास्त उष्णता निघते. कूलरची हवा थेट फोनवर घेऊ नका, समोर नाही बसलात तरी खोलीचं तापमान उतरल्याचा फायदा मिळतोच. फोन फ्रीजमध्ये ठेवणं किंवा ओलं फडकं गुंडाळणं नको, आत दव धरलं तर बोर्ड जातो. चिकटवायचे विजेवर चालणारे कूलर चालतात, पण कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात त्यांच्या थंड पृष्ठभागावर पाणी साचतं, तिथे जपून.

दोन परिस्थितींत सेटिंगचा उपयोग नाही. गेम बंद असताना, नुसता मेसेज वाचतानाही फोन गरम राहत असेल तर मागे एखादं अ‍ॅप चालू आहे किंवा सिग्नल कमजोर असल्यामुळे मॉडेम जोर लावतोय. बॅटरीच्या वापराची यादी बघा. आणि मागचं झाकण किंवा स्क्रीन कडेने किंचित उचललेली दिसत असेल तर बॅटरी फुगली आहे. तेव्हा खेळणंही नको आणि चार्जिंगही नको, सरळ सर्व्हिस सेंटर गाठा.

तुमच्यासाठी मी असं सुरू करेन: स्मूथ, अँटी-एलियासिंग आणि शॅडो बंद, गेम मोड बॅलन्स्ड, चार्जर नाही, कव्हर नाही. रात्री एक्स्ट्रीम म्हणजे ६० वर तासाची चाचणी. ती टिकली तर रात्रीची सेटिंग तीच. दुपारी अल्ट्रा म्हणजे ४०, आणि रात्रीची चाचणी टिकली नाही तर रात्रीही तेच, स्क्रीन १२० हर्ट्झवर असल्याची खात्री करून. दुपारी खोली ३८ वर असेल तर ४० सुद्धा दोन मॅचच्या पुढे टिकेल असं मी सांगणार नाही. मधे दहा मिनिटं स्क्रीन बंद करून फोन पंख्याखाली उताणा नाही, पालथा ठेवा, म्हणजे गरम पाठ वर राहील आणि वारा तिला लागेल.

९० वरून खाली आल्यावर पहिले एक-दोन दिवस नेम चुकल्यासारखा वाटेल. जायरो आणि रिकॉइल हाताला वेगळे लागतात, कारण दोन फ्रेममधलं अंतर ११ मिलिसेकंदांवरून १७ किंवा २५ वर गेलेलं असतं. लगेच सेन्सिटिव्हिटी बदलू नका. ट्रेनिंग ग्राउंडवर तुमच्या नेहमीच्या गनने भिंतीवर फवारे मारून बघा, हात बसू द्या, आणि दोन दिवसांनीही गोळ्या वर चढत असतील तरच तेवढ्या स्कोपची सेन्सिटिव्हिटी थोडीथोडी हलवा.